पहिल्या डेटच्या दुसऱ्या दिवशी सकाळी काय मेसेज टाकायचा: अगदी पहिल्या ड्राफ्टपासून

पहिली डेट झाली, बरी झाली, म्हणजे दोघांपैकी कोणी सारखं घड्याळ बघत नव्हतं, बिल दिल्यावरही अर्धा तास तिथेच बसून होतात, आणि आता सकाळी हातात फोन आहे आणि काय लिहू ते सुचत नाहीये. हा लेख त्या एकाच मेसेजबद्दल आहे. रात्री "पोचले", "ओके, गुड नाईट" असं झालेलं असतं ते वेगळं, तो नीट घरी पोचल्याचा निरोप असतो. सकाळच्या मेसेजला तीनच कामं असतात: काल छान वाटलं, मी तुझं बोलणं खरंच ऐकत होतो, परत भेटायला आवडेल. चौथं काम त्याच्यावर लादलं, म्हणजे समोरच्याच्या मनात काय चाललंय ते काढून घ्यायचं, की मेसेज हमखास बिघडतो.

उदाहरण माझ्या एका मित्राचं घेतो, त्याला विचारलंय, थोडे तपशील बदललेत. तो हिंजवडीत नोकरीला, ती एका लॅबमध्ये आणि सदाशिव पेठेत आजीबरोबर राहते. ॲपवर ओळख, मग नंबर दिले-घेतले, मग शनिवारी संध्याकाळी डेक्कनला गुडलकमध्ये बन मस्का आणि दोन-दोन चहा, तिथून चालत झेड ब्रिजपर्यंत. तिने सांगितलेल्या गोष्टींतली एक अशी की आजी रात्री सिरियल बघताना त्यातल्या सासूला मोठ्याने दम देते, "थांब तुझं सगळं बाहेर येणारे", आणि शेजारच्यांना वाटतं घरात भांडण चाललंय. आणि दुसरी, बोलता बोलता आलेली, की रविवारी सकाळी ती आजीला सारसबागेत गणपतीला घेऊन जाते. ह्या दोन्ही गोष्टी पुढे लागणार आहेत.

रविवारी सकाळी सातच्या आत त्याने मला हे पाठवलं, "टाकू का?" असं विचारून:

"गुड मॉर्निंग!! उठलीस का? काल खूऽऽप मजा आली, खरं सांगू तर इतकं मोकळं मी कोणाशीच बोललो नाहीये. घरी आल्यावर पण तुझाच विचार येत होता, झोपच नाही आली. तू खूप वेगळी आहेस. तुला पण आवडलं ना? माझ्याकडून काही जास्त बोललं गेलं असेल तर सॉरी हां. मग परत कधी भेटायचं? आज संध्याकाळी फ्री आहेस का? नसशील तर उद्या? पोहे खाल्लेस का?"

मुलगा चांगला आहे, खोटं काही लिहिलेलं नाही, आणि तरीही हा मेसेज झोपेतून उठून वाचणाऱ्या माणसाला धाप लागेल असा आहे. सहा प्रश्न आहेत त्यात. मोजा.

आधी ड्राफ्ट दुसरीकडे लिहा

तिच्या चॅटमध्ये जाऊन टाईप करत बसू नका. ती त्याच वेळी व्हॉट्सॲप उघडून बसली असेल तर वर "टायपिंग" दिसत राहतं, थांबतं, परत दिसतं, आणि दहा मिनिटांनी येतं काय तर दोन ओळी, म्हणजे मेसेज कितीही सहज असला तरी त्याच्यामागची घासाघीस उघडी पडते. शिवाय बोट घसरून अर्धवट मेसेज जायची भीती असतेच. फोनच्या नोट्समध्ये लिहा, नाहीतर व्हॉट्सॲपवर स्वतःलाच मेसेज करायची सोय आहे तिथे लिहा, आणि पक्कं झालं की कॉपी पेस्ट. व्हॉइस टायपिंग वापरत असाल तर पाठवायच्या आधी एकदा डोळ्यांनी वाचा, मराठीत ते काय काय ऐकतं ते तुम्हाला माहितीये.

पाठवल्यावर चूक दिसली तर पंधरा मिनिटांत एडिट करता येतं, पण एडिट केल्याची खूण राहते, आणि डिलीट केलं तर त्याहून ठळक खूण राहते. एखादी वेलांटी चुकली असेल तर सोडून द्या हो. डिलीट केलेल्या मेसेजमध्ये काय होतं ह्याचा विचार माणूस चुकीच्या वेलांटीपेक्षा खूप जास्त करतो.

मग कापाकापी

आता मित्राचा ड्राफ्ट घेऊ. मी त्याला आधी सगळे प्रश्न बाजूला काढायला लावले, कारण प्रश्न आला की उत्तराची जबाबदारी समोरच्यावर जाते, आणि ह्या मेसेजचा सगळा गोडवाच तिला उत्तर द्यावंच लागत नाही ह्यात आहे. "उठलीस का" आणि "पोहे खाल्लेस का" ही आपली बोलायची सवय आहे, त्यात वाईट काही नाही, पण एका भेटीच्या ओळखीवर सकाळी सकाळी हजेरी घेतल्यासारखं होतं.

"तुला पण आवडलं ना?" हा त्या सगळ्यांतला सर्वात जड प्रश्न. त्यातला तो "ना" बघा, त्याने उत्तर आधीच ठरवून टाकलंय, तिला फक्त हो म्हणायचंय. तिला खरंच आवडलं असेल तर ती न विचारता सांगेल आणि ते वाचायला शंभरपट बरं वाटेल, आणि आवडलं नसेल तर तिला सकाळी सकाळी खोटं बोलायला लावून तुम्हाला काय मिळणार?

मग "झोपच नाही आली" आणि "तुझाच विचार". हे खरं असेल, पण त्याचं ओझं होतं. चार तासांच्या ओळखीवर कुणाची तरी झोप उडाली हे कळलं की मनात पहिला विचार येतो, बापरे, आता मला जपून बोलावं लागणार. हीच वाक्यं पाचव्या-सहाव्या भेटीनंतर आली तर ती जपून ठेवली जातील, तेव्हा फेकून देऊ नका, नंतरसाठी ठेवा. "मिस करतोय" पण ह्याच डब्यात.

"तू खूप वेगळी आहेस" ह्यावर मित्र अडून बसला होता, म्हणाला कौतुक तर हवं ना. हवं, पण हे कौतुक कोणालाही चिकटतं, आणि जिने ॲपवर महिनाभर काढलाय तिने हे वाक्य आधी नक्की वाचलेलं असतं. दिसण्याबद्दलचं कौतुकही सकाळच्या मेसेजमध्ये मी घेत नाही. काल समोरासमोर ड्रेस छान आहे म्हणालात तर ठीक, पण सकाळी त्याचीच आठवण काढली तर संध्याकाळभर तुम्ही ऐकत होतात की नुसते बघत होतात असा प्रश्न पडतो.

आणि सॉरी. काल खरंच काही चुकलं असेल, म्हणजे तुम्ही अर्धा तास उशिरा पोचलात किंवा मधेच फोन घेऊन बाहेर गेलात, तर एकदा नाव घेऊन सॉरी म्हणा आणि सोडा. पण "काही जास्त बोललं गेलं असेल तर" असं मोघम सॉरी म्हटलं की तिला उलट तुमची समजूत काढत बसावं लागतं, नाही रे, असं काही नाही, वगैरे. तेही कामच झालं.

एवढं काढल्यावर उरतं काय? "काल मजा आली" आणि "परत भेटूया". हे चालेल, पण हे थोडं ऑफिसच्या टीम लंचनंतरच्या मेसेजसारखं वाटतं. इथे ती आजी कामाला येते.

कालचा एक धागा, एकच

मधली ओळ कालच्या बोलण्यातल्या एखाद्या बारीक गोष्टीची हवी, आणि ती गोष्ट निवडायची एक साधी पद्धत आहे. घरी जाताना रिक्षात किंवा रात्री झोपायच्या आधी आठवून ठेवा की काल ती कुठल्या गोष्टीवर स्वतःहून, न विचारता, रंगून बोलली. नोकरी, पगार, आधीचं ब्रेकअप, घरच्यांचं आजारपण ह्यातलं काही घेऊ नका, तिने मोकळेपणाने सांगितलं असलं तरी, कारण जड गोष्ट लेखी परत आली की उगीच बोललो असं वाटायला लागतं. हलकी गोष्ट घ्या. आणि फक्त आठवण काढून सोडू नका, त्या गोष्टीचं तुमच्याकडे नंतर काय झालं ते सांगा. म्हणजे "तुझ्या आजीचा किस्सा भारी होता" ही नुसती पावती झाली. "आजीचं आठवून चहा पिताना एकटाच हसलो" म्हटलं की तिला तुम्ही दिसता, कप हातात धरून खुळ्यासारखे हसताना, आणि ह्याच्यात न म्हणताच सगळं म्हटलं गेलंय, की मी विचार करत होतो तुझा.

एकच धागा मात्र. आजी पण, झेड ब्रिज पण, तिने सांगितलेलं पुस्तक पण, असं केलं की मीटिंगचे मिनिट्स होतात.

भेटायचं कसं म्हणायचं

"कधी भेटायचं?" ह्यात भेटायचं हे ठरलेलंच आहे, फक्त तारीख राहिलीये. "भेटशील का?" ह्यात हो किंवा नाही लगेच द्यावं लागतं. "परत भेटायला आवडेल" हे तुमच्याबद्दलचं वाक्य आहे, त्यात तिच्याकडे काही मागितलेलं नाही आणि तरी तुमची इच्छा स्पष्ट आहे, तर मी कायम हेच सांगतो. त्याला पाहिजे तर ढोबळ वेळ जोडा, "पुढच्या आठवड्यात कधी जमलं तर". आज संध्याकाळी नको, कारण काल भेटून आज परत म्हणजे तिला नाही म्हणायला कारण शोधावं लागतं. आणि "घाई नाही हां, तुला वाटलं तरच, नाही म्हणालीस तरी चालेल, नो प्रेशर" अशी रांगही नको. प्रेशर नाही हे चार वेळा सांगितलं की प्रेशर येतं.

उलट टोकही असतं. काही लोक फार उतावीळ दिसायला नको म्हणून किंवा चिकट वाटू म्हणून भेटायचं काही बोलतच नाहीत, नुसतं "काल मजा आली" टाकून मोकळे. मग समोरचा दिवसभर विचार करतो की ही सभ्यपणे घेतलेली रजा आहे का काय. इच्छा असेल तर ती एका वाक्यात लिहा.

तर मित्राचा शेवटचा मेसेज असा झाला:

"काल मस्त वाटलं. आजी सिरियलमधल्या सासूला दम देते ते आठवून आत्ता चहा पिताना एकटाच हसलो. पुढच्या आठवड्यात कधी जमलं तर परत भेटायला आवडेल."

पंचवीसच्या आत शब्द, प्रश्नचिन्ह एकही नाही. फोनवर स्क्रोल न करता वाचून होतो. इमोजी पाहिजे असेल तर एखादा हसरा चेहरा मधल्या वाक्याला लावा, लाल बदाम मात्र अजून नको.

पहिली ओळ एवढी साधी ठेवण्यामागे अजून एक कारण आहे जे बाहेरच्या डेटिंगच्या सल्ल्यांत सापडत नाही. आपल्याकडे खूप जणी आणि खूप जण घरच्यांबरोबर राहतात आणि रविवारी सकाळी फोन डायनिंग टेबलावर, चार्जिंगला, नाहीतर आईच्या हातात असतो कारण तिला मावशीला व्हिडिओ कॉल करायचाय. लॉक स्क्रीनवर मेसेजची सुरुवात दिसते. "काल मस्त वाटलं" हे कॉलेजच्या मैत्रिणीचंही असू शकतं, "रात्रभर तुझाच विचार" हे नाही. तिने घरी सांगितलंय की नाही हे तुम्हाला माहीत नाही, तेव्हा पहिले चार शब्द कोणीही वाचले तरी चालतील असेच ठेवा.

तू की तुम्ही, आणि कुठल्या लिपीत

काल जे बोलत होतात तेच. संध्याकाळच्या मध्यात "तुम्ही" वरून "तू" वर आला असाल तर सकाळी परत "तुम्ही" वर जाऊ नका, रात्रीत काही बिनसलं की काय असं वाटतं. लग्नाच्या साईटवरून ओळख झाली असेल आणि काल कॅफेतही अहो-जाहोच चाललं असेल तर तसंच ठेवा: "काल तुमच्याशी बोलून छान वाटलं." एकतर्फी "तू" वर उडी मारायची नाही. तसंच "गं" आणि "रे", हे काल तोंडात आले नसतील तर लेखी पहिल्यांदा आणू नका, आणि "डिअर" तर कधीच नको. स्थळाच्या भेटीत अजून एक पथ्य, "घरी पण सगळ्यांना फोटो आवडला" असलं काही ह्या मेसेजमध्ये घालू नका, तुमच्या घरच्यांना सकाळी निकाल हवा असतो म्हणून तिला का घाई.

लिपीचंही तेच. आधीच्या चॅटमध्ये ती इंग्रजी अक्षरांत मराठी लिहीत असेल तर तुम्ही अचानक शुद्ध देवनागरीत आलात की पत्र आल्यासारखं वाटतं. ॲपवरच बोलत असाल आणि नंबर मागितला-दिला नसेल तर ॲपवरच मेसेज करा, काल यूपीआयने पैसे दिले तेव्हा नंबर दिसला म्हणून तिथून उचलून व्हॉट्सॲप करणं हे अजिबात नाही.

किती वाजता

तिच्या सकाळीत जागा कुठे आहे ते बघा. मित्राला माहीत होतं की रविवारी ती आजीबरोबर सारसबागेत असते, म्हणून त्याला मी दहा-साडेदहापर्यंत थांबायला सांगितलं, देवदर्शनात फोन वाजायला नको आणि नंतर घरी येऊन निवांत बसलेली असेल. आठवड्यातल्या दिवशी ठाणे-डोंबिवलीकडून लोकलने जाणारी व्यक्ती असेल तर साडेआठला ती एका हाताने दांडी धरून उभी असणार, ऑफिसात पोचून पहिला चहा होतो तेव्हा, दहा-अकराच्या आसपास, बरं पडतं. सकाळी साडेसहा म्हणजे तुम्ही उठल्याबरोबर तेच केलं हे दिसतं. आणि मुद्दाम तीन दिवस थांबायचं हे जे कोणी पसरवलंय ते सोडा, दुपारपर्यंत गेला की झालं. फुलांच्या फोटोवर सुप्रभात लिहिलेलं पाठवायचा विचार सुद्धा करू नका, ते काका लोकांचं खातं आहे.

पाठवल्यावर

फोन ठेवून द्या. हे खरंच पायरी म्हणून लिहितोय कारण बिघडतं ते बहुतेक इथेच. एक टिक म्हणजे मेसेज अजून तिच्या फोनवर पोचलाच नाही, नेट बंद असेल. दोन करड्या म्हणजे पोचला. निळ्या झाल्या नाहीत म्हणजे वाचला नाही असंही नाही, ब्लू टिक बंद ठेवता येते आणि नोटिफिकेशनमधूनही वाचता येतं. ह्यातून तिच्या मनाचा अंदाज काढायचा नसतो. "?" पाठवायचं नाही, "बिझी दिसतेस" पाठवायचं नाही, स्टेटसला दर्दभरं गाणं टाकायचं नाही जे फक्त तिच्यासाठी आहे हे सगळ्यांना कळतं.

मित्राला दुपारी पाऊणच्या सुमारास उत्तर आलं, की मलाही छान वाटलं, आणि आजीला सांगितलं तर ती म्हणाली त्याला एकदा सिरियल बघायला बोलाव. हे स्पष्ट हो आहे, कारण तिने धागा पकडून स्वतःचं काहीतरी त्यात घातलं. अशा वेळी आता प्रश्न विचारायचा, आणि नेमका: "गुरुवारी संध्याकाळी सातला जमेल? नाहीतर शनिवार." दोन पर्याय, बास. दिवसभर चॅट करत बसून तो उत्साह तिथेच संपवून टाकू नका.

"हो छान होतं, सध्या जरा कामाचं चाललंय" असं आलं आणि पुढे दुसरा कुठलाही दिवस नाही, तर ते बहुतेक वेळा नाही असतं, मऊ शब्दांत. नुसता अंगठा किंवा बदाम रिॲक्शन आली आणि शब्द नाहीत, तर ते अर्धवट आहे, दोन-तीन दिवस जाऊ द्या आणि मग एकदाच दिवस-वेळ घालून विचारा. काहीच उत्तर नाही आलं तरी माझ्या मते जास्तीत जास्त एक मेसेज अजून, पाच-सहा दिवसांनी, आधीच्याचा उल्लेख न करता, आणि त्यालाही शांतता असेल तर विषय संपला. स्पष्ट नको म्हटल्यावर तर तोही एक नाही. एखाद्या बाईने आपल्याला रस नाही हे स्पष्ट दाखवल्यावरही पुरुषाने तिच्याशी पुन्हा पुन्हा संपर्क साधत राहणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम 78 खाली गुन्हा आहे, आणि त्यात मेसेजही येतात. पण कायद्यापर्यंत जायचं कशाला, नकाराला "काही हरकत नाही, भेटून छान वाटलं" एवढं उत्तर द्या आणि "माझं काही चुकलं का" विचारू नका.

आणि तुम्हालाच परत भेटायचं नसेल तर? तेही सकाळीच लिहा, तेवढंच छोटं: "काल भेटून बरं वाटलं, पण मला पुढे जावंसं वाटत नाहीये. तुला शुभेच्छा." वाचायला कोरडं आहे, पण आठवडाभर "बघू" "कळवते" करत राहण्यापेक्षा खूप बरं.

राहता राहिला बिलाचा हिशोब. काल एकाने सगळं दिलं आणि अर्धे द्यायचं ठरलं होतं, तर ते पैसे रात्रीच पाठवून टाका, आणि घ्यायचे असतील तर निदान त्याच मेसेजमध्ये मागू नका. काल मस्त वाटलं, आणि खाली दोनशे चाळीसची पेमेंट रिक्वेस्ट, असं आलेलं मी एका मैत्रिणीच्या फोनवर बघितलंय. तिने पैसे पाठवले, उत्तर नाही.